आयनोचा वेगळा तवा

बाजीराव खिल्लाऱ्यांना कुठलाही मजकूर एकट्याने वाचवत नसे. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून उभी हयात काढलेली. आलेला कागद आधी मोठ्याने वाचायचा, त्यावर चार जणांचं मत घ्यायचं आणि शेवटी तो दुसऱ्याच्या टेबलावर सरकवायचा, ही पद्धत अंगात भिनली होती. निवृत्तीनंतर टेबलं गेली, पण चार जणांची सोय ऐरोलीच्या सोसायटीत होती. त्यामुळे फिनलंडच्या मुलीचा निरोप मोबाइलवर येणार असं कळल्याबरोबर त्यांनी रविवारी सकाळी हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या.

ही मुलगी म्हणजे आयनो. बाजीरावांची मुलगी जागृती हिच्या कॉलेजात विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीची योजना होती. इकडची मुलं तिकडे, तिकडची इकडे, आणि राहायचं कुणाच्या तरी घरी, घरच्यासारखं. 'घरच्यासारखं' हा शब्द माहितीपत्रकात होता आणि बाजीरावांनी त्याच्याखाली रेघ ओढली होती. परदेशातली पोरगी येणार, आपल्याकडे जेवणार, आणि परत जाऊन सांगणार की खिल्लाऱ्यांकडचं जेवण असं असतं. एवढ्यासाठीच त्यांनी अर्ज केला होता, हे ते जागृतीलासुद्धा बोलले नव्हते.

कारण बाजीरावांच्या आयुष्यात पाहुणे पुष्कळ आले, जेवून गेले ते मोजकेच. बीडकडच्या त्यांच्या गावात, शाळेतल्या हंड्याला त्यांच्या आळीतल्या पोरांनी शिवायचं नाही असा दंडक होता. पाणी वरून ओंजळीत पडायचं. पुढे नोकरी लागली, बढती झाली, पेढे वाटले, तेव्हा एका साहेबांनी पेढा कागदात गुंडाळून 'घरी नेतो' म्हणत खणात ठेवला. साहेबांची बदली झाल्यावर तो खणातच सापडला, हिरवागार होऊन. नवी मुंबईत अर्थात असलं कुणी करत नाही. इथे लोक पोटावर हात फिरवून 'आत्ताच झालं हो' म्हणतात, आणि खरंच झालं असेल का, याचा विचार करत यजमानाने जिना उतरून निरोप द्यायचा असतो.

तर त्या रविवारी हजर होते सोसायटीचे सेक्रेटरी सिताराम मढवी, जे मूळचे इथल्याच दिवा गावचे असल्याने सबंध ऐरोलीला आपल्या अंगणासारखं वागवत. वरच्या मजल्यावरच्या रशिदा मुकादम होत्या, माहेर श्रीवर्धनकडचं. बाजीरावांची बायको संघप्रिया, जी पालिकेच्या शाळेत शिकवते, ती होती. आई दुर्गाबाई खिडकीशी बसल्या होत्या. जागृतीने मोबाइल वडिलांच्या हातात दिला आणि सांगितलं की आयनोने यजमानांचा मान राखायला निरोप मुद्दाम मराठीत करून पाठवला आहे, मोबाइलकडूनच. बाजीरावांचा ऊर भरून आला. त्यांनी घसा साफ केला आणि सुरू केलं.

"प्रिय यजमान कुटुंब, नमस्कार. माझे नाव आयनो आहे. मी सतरा वर्षांची आणि सहज जाणारी व्यक्ती आहे. माझ्या शहरात तलाव आणि शांतता आहे. मला देशाच्या पलीकडे घसरायला आवडते. मी गायनवृंदात खालचा आवाज आहे. माझ्या कुत्र्याला तुमची आठवण येईल, कारण तो मला गमावेल."

मढवींनी 'गोड पोरगी हाय' असा शेरा मारला. रशिदाबाईंना कुत्र्याचं वाईट वाटलं. बाजीराव विजयी मुद्रेने पुढे वळले.

"आता माझ्या अन्नाच्या गरजा. गहू, जव आणि राई माझ्यासाठी विष आहेत. मला आयुष्यभर हे आहे आणि त्यावर औषध नाही. कृपया माझ्यासाठी वेगळा तवा, वेगळा पोळपाट आणि वेगळे चमचे ठेवा. माझे अन्न वरच्या फळीवर ठेवा, तुमचे खाली. तुमच्या भांड्यांचा माझ्या अन्नाला स्पर्श होऊ नये. तुमच्या हातांचा स्पर्श झाल्यास ते दूषित होते आणि मी ते खाऊ शकत नाही. मला खेद आहे. तुम्ही मला समजून घ्याल अशी आशा."

बाजीरावांनी शेवटची ओळ मनात पुन्हा वाचली. मग मोबाइल उलटा करून टीपॉयवर ठेवला, जणू त्याच्याच अंगाला काही लागलं होतं.

मढवी भला माणूस. ते म्हणाले, "म्हंजे तिकडं पन हाय हे?"

रशिदाबाई चहा संपवून उठल्या. संघप्रिया हळूच म्हणाली की काहीतरी गडबड असेल. पण बाजीराव तोवर आतल्या खोलीत जाऊन कागद घेऊन बसले होते. फिनलंडमध्ये जातपात नसते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी वेगळा तवा, वरची फळी, हातांचा स्पर्श, हे शब्द कुठल्याही देशातून आले तरी त्यांच्या कानाला एकाच गावचे वाटत. त्यांनी 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी सुरुवात करून आदरातिथ्य करण्यास असमर्थता कळवणारं पत्र लिहिलं. वाक्यं खात्यातली होती. योजनेच्या वैदेही मॅडमना ते लगेच पाठवायचं होतं.

जागृतीने पत्र वाचलं आणि म्हणाली, "पप्पा, तिला आजार आहे. सीलिॲक म्हणतात."

"आजाराला वरची फळी लागते?"

"हो. पीठ खाली पडतं म्हणून."

बाजीरावांना हे पटलं नाही. खात्यात त्यांनी याहून हुशार सबबी ऐकल्या होत्या. शेवटी जागृतीने वडिलांना न विचारता थेट फिनलंडला व्हिडिओ फोन लावला. पडद्यावर एक पिवळ्या केसांची, जरा घाबरलेली मुलगी आली. बाजीरावांनी आधी सदऱ्याची गुंडी लावली आणि मग तोंड फिरवलं. आयनो इंग्रजीतून बोलत होती, जागृती मराठीत सांगत होती. बाजीरावांना इंग्रजी चांगलं येत असे, पण रागावलेल्या माणसाला दुभाषा लागतोच.

आयनोने फोन उचलून स्वतःचं स्वयंपाकघर दाखवलं. सगळ्यात वरच्या फळीवर लाल चिकटपट्टी लावलेले तिचे डबे होते. खाली घरच्यांचा पाव. लोण्याचे डबेसुद्धा दोन, कारण पावाला लावलेली सुरी पुन्हा लोण्यात गेली की पावाचे कण लोण्यात जातात. तिने सांगितलं की गव्हात ग्लूटेन नावाचं काहीतरी असतं. ते पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर चाल करून जातं, अन्न शोषून घेणारं आतलं अस्तर झिजतं. दिसणार नाही एवढा कण पुरतो. पुरळ वगैरे येऊन जाणारी ॲलर्जी नव्हे, हे आत नासवतं. स्टीलचं भांडं साबणाने घासलं की चालतं. लाकूड आणि जुना बिडाचा तवा चालत नाही, त्यांच्या भेगांत पीठ मुरलेलं असतं. हात आधी धुतले तर हातांचं काहीच नाही.

"माझी आईसुद्धा माझ्या पावाला हात धुतल्याशिवाय लावत नाही," ती म्हणाली. मग थोडं थांबून तिने सांगितलं की मुंबईतल्या दोन घरांनी आधी हो म्हणून मग नाही म्हटलं. त्यांना हे फार किचकट वाटलं. आता वैदेही मॅडम म्हणतात की हेही घर नाही म्हणालं, तर तिचं येणं रद्द होईल.

बाजीराव तोंड वळवून उभे होते ते वळले. या मुलीला कुणीतरी जेवायला नको म्हटलं होतं. तेही दोनदा, आणि सभ्य भाषेत. हा अनुभव त्यांच्या इतक्या ओळखीचा होता की त्यांना एकदम लाज वाटली, आणि पुढच्या क्षणी भयंकर उत्साह आला. असमर्थतेचं पत्र त्यांनी फाडलं. "तिला सांग," ते जागृतीला म्हणाले, "खिल्लाऱ्यांकडे व्यवस्था चोख असते."

आणि इथून पुढे घराची शांतता संपली.

बाजीरावांनी निरोपाची छापील प्रत काढून फ्रिजवर लावली आणि कलमवार अंमलबजावणी सुरू केली. गहू घराबाहेर. कणीक, मैदा, शेवया बाहेर. रव्यावर मोठी चर्चा झाली, कारण मढवींचं म्हणणं पडलं की रवा म्हणजे रवा, त्यात गहू कुठून येतो. चपाती चालत नसेल तर पाव द्यावा, हाही सल्ला त्यांचाच. संघप्रियाने रवा बाहेर काढला आणि मढवींना पाव कशाचा करतात ते समजावलं. मढवींना धक्का बसला. जव घरात नव्हतं असं वाटत होतं, पण दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीच्या डब्यावर ते सापडलं, आणि दुर्गाबाईंचा रात्रीचा आधार तुटला.

मग आली राई. निरोपात स्पष्ट लिहिलं होतं, विष. बाजीरावांनी मोहरीची बरणी उचलली, झाकणाला दोरा गुंडाळला, वर 'विष' असं लिहिलं आणि माळ्यावर टाकली. मसाल्याच्या डब्यातली मोहरीची वाटी उकळत्या पाण्याने धुतली. लोणचं गेलं, कारण लोणच्यात मोहरीची डाळ. मोहरीशिवाय फोडणी म्हणजे नुसतं तेल तापवणं, असं संघप्रिया म्हणाली. बाजीराव म्हणाले की चवीपेक्षा जीव मोठा. त्यांचं म्हणणं इतकं उदात्त होतं की तिला काही बोलता येईना. तिने मोहरीची कसर भरून काढायला फोडणीत हिंग दुप्पट टाकायला सुरुवात केली.

पोळपाट नवा आला, तवा नवा आला, दोन्हींना लाल चिकटपट्टी. आता प्रश्न पिठाचा. ज्वारी आयनोला चालते हे कळल्यावर दुर्गाबाईंचा चेहरा उजळला होता. "मंग काय, भाकरी करायची की! लेकराला कामून उपाशी ठेवायलाव?" पण ज्वारी दळायची कुठे? कोपऱ्यावरच्या गिरणीत सकाळपासून गहूच पडतो. बाजीरावांनी गिरणीवाल्याला विचारलं की जातं धुऊन देता का. गिरणीवाल्याने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की आधी पायलीभर ज्वारी घालून काढतो, मग तुमची दळतो. बाजीरावांना हे रास्त वाटलं. पण जागृतीने फिनलंडला विचारलं, आणि उत्तर आलं की नको, गिरणीच्या हवेतसुद्धा पीठ असतं. गिरणीवाल्याच्या भुवया पांढऱ्या होत्या हे बाजीरावांना आठवलं आणि मुद्दा त्यांनी मान्य केला.

मार्ग निघाला तो वरच्या मजल्यावरून. रशिदाबाईंकडे घरघंटी होती, कपाटाएवढी, विजेवरची. त्यांच्या घरी तांदळाची भाकरी, घावन, सांदण. गव्हाचं पीठ त्या कधीमधी दुकानातून तयार आणत. "माझ्या घंटीत तांदळाशिवाय काही गेलेलंच नाही भाऊ," त्या म्हणाल्या. "पाठवा ज्वारी. पीठ तुमचं, घंटीची घरघर माझी." बाजीरावांनी तरी जाऊन घंटीत डोकावून पाहिलं. रशिदाबाईंनी ते मनावर घेतलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

मधेच पोलिस पडताळणी उपटली. परदेशी व्यक्ती घरी राहणार म्हणजे घरमालकाने ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, आणि तो भरताना बाजीरावांनी पाहुणीच्या जागी स्वतःचा फोटो चढवला होता. ते निस्तरून झालं तोवर घर बघायला एक हवालदार आले. संघप्रियाने रिवाजाप्रमाणे चहा केला. बिस्किटं घरात नव्हतीच, पण हवालदारांच्या खिशात पुडा होता. त्यांनी तो काढून एक बिस्किट कपात बुडवलं आणि एक सहज टेबलावर ठेवलं.

बाजीराव खुर्चीतून उडाले. "तिथे नका ठेवू! शिवू नका टेबलाला!"

हवालदारांचा हात हवेतच थांबला. बाजीरावांनी फडकं आणलं, त्यांच्या मांडीवरचा चुरा झटकला, कप उचलून गॅलरीत नेला आणि नम्रपणे सुचवलं की आपण तिकडे, बाहेरच, उभ्याने घ्यावा. चहासाठी कागदी पेलाही काढला. हवालदारांनी गॅलरीत उभं राहून चहा संपवला आणि फॉर्मवर 'घरमालक विचित्र पण निरुपद्रवी' अशा अर्थाचं काहीतरी लिहून ते गेले.

दुर्गाबाई खिडकीशी बसून हे सगळं पाहत होत्या. दार लागल्यावर म्हणाल्या, "बाजा, शिवाशीव कवापासून पाळायलास?"

बाजीरावांच्या हातात अजून फडकं होतं. ते खाली ठेवून त्यांनी गॅलरीतला कागदी पेला उचलून आणला. त्या दिवशी संध्याकाळी ते चौकीवर जाऊन हवालदारांना सीलिॲक म्हणजे काय ते समजावून आले, आणि त्यांच्याच पुड्यातलं बिस्किट खाऊन आले. तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

आयनो आली ती शनिवारी. उंच, अबोल, आणि दारातच हात धुवायला कुठे जायचं ते विचारणारी. बाजीरावांनी तिला लाल चिकटपट्टीचा तवा दाखवला तेव्हा तिचे डोळे भरले, असं जागृती नंतर शपथेवर सांगत होती. जेवायला मढवी आणि रशिदाबाईही होत्या. आमटी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, भात, दही आणि दुर्गाबाईंची भाकरी. बाजीराव टेबलाच्या टोकाला बसले होते आणि त्यांचं सगळं लक्ष तिच्या पहिल्या घासाकडे होतं.

आयनोने आधी ओशाळून विचारलं की मी डबे बघू का. ही तिची सवय, कुठेही जेवण्याआधी प्रत्येक पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायचं. बाजीराव म्हणाले जरूर, इथे सगळं चोख आहे. ती तिखट, हळद, धणे-जिरे वाचत गेली. माळ्यावर दोरा गुंडाळलेली 'विष' लिहिलेली बरणी दिसली तेव्हा तिने हे काय ते विचारलं. जागृतीने अर्थ सांगितला तशी ती दचकली. आयनोने बरणीतले दाणे हातावर घेतले, वास घेतला आणि म्हणाली की ही तर मोहरी, आमच्याकडे सॉसेजला लावून खातात. तिने लिहिलं होतं ते 'राय', थंड देशातलं गव्हासारखं धान्य, ज्याचा काळा पाव होतो. मोबाइलने त्याची राई केली होती. संघप्रियाने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

मग आयनोच्या हातात हिंगाची डबी आली. ती वाचता वाचता थांबली. पुन्हा वाचली. मग जागृतीला दाखवली. डबीवर लिहिलं होतं: खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ, हिंग.

आमटीत हिंग होता. भाजीत होता. कोशिंबिरीच्या फोडणीतही होता. आणि सगळीकडे दुप्पट होता, कारण मोहरी माळ्यावर होती.

"मला खेद आहे," आयनो मराठीत म्हणाली. हे एक वाक्य तिने पाठ करून आणलं होतं. तिने ताट हलकेच मागे सारलं, आणि त्या घरात अनेकांनी अनेकदा सारलं होतं तसंच ते दिसलं. मढवींनी मान खाली घातली. संघप्रिया पदराने कपाळ पुसू लागली. बाजीरावांना तो हिरवा पेढा आठवला. पण या वेळी मागे सारणारीच्या डोळ्यांत पाणी होतं. आपण तिसऱ्या घरालाही किचकट झालो, या भीतीने ती कपड्याची कड चुरगाळत होती.

"जागृती," बाजीराव म्हणाले, "तिला सांग, चूक आमची आहे. तिची नाही. आणि विचार, काय चालेल?"

आयनोने टेबलावर नजर फिरवली. भात. दही. लाल चिकटपट्टीच्या तव्यावरची भाकरी. तिला हवं तेवढं होतं. दुर्गाबाईंनी शेंगदाणे भाजून मीठ घालून कुटले, दह्यात कालवले आणि तिच्यापुढे ठेवले. तिने भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, चावत राहिली. मग दुसरा. मग काही न बोलता अर्धी भाकरी संपवली. सगळे बघत होते याचं तिला भान नव्हतं, भूक लागली होती.

उरलेल्या अर्ध्या भाकरीतून तिने एक तुकडा मोडला आणि हात लांब करून बाजीरावांच्या ताटात, त्यांच्या आमटीशेजारी ठेवला.

"माझ्याकडून तुमच्याकडे चालतं," ती इंग्रजीत म्हणाली. "फक्त उलटं चालत नाही."

या वेळी बाजीरावांना दुभाषा लागला नाही. त्यांनी तो तुकडा उचलला आणि कशालाही न लावता तोंडात घातला. त्यांना रडू येत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग ते उठले, सिंकपाशी गेले आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, नखांसकट, जागृतीने शिकवलं होतं तसे.

"आई, सरक," ते म्हणाले. "ही मी थापतो."

दुर्गाबाईंनी परात त्यांच्याकडे ढकलली. बाजीरावांनी जन्मात भाकरी थापली नव्हती. पीठ एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ, मधे चीर. मढवींनी कडा दाबायचा सल्ला दिला आणि कडच तुटली. रशिदाबाई हसायच्या बेतात तोंडाला ओढणी लावून बसल्या. तव्यावर टाकताना ती दुमडली, उलटताना एका बाजूने करपली.

आयनोने ती हातात घेतली, बाजीरावांच्या हातातून, आणि शेवटच्या काळ्या तुकड्यापर्यंत खाल्ली.